लेखांक ६ : तीन हात, एक आवाज

मागच्या लेखांकात द्राक्ष सल्लागाराच्या व्हॉट्सॲप गटावरचे हंगामभराचे निरोप एका फाइलीत कसे आणायचे ते पाहिलं. आता त्यांची पुस्तिका करायची आहे. समजा, निरोप तीनशेच्या घरात आहेत, लिहिणारे तिघं आहेत आणि छापून आल्यावर सगळं एकाच माणसाने सांगितल्यासारखं वाटायला हवं. बहुतेक ठिकाणी इथेच घाई होते. फाइलीचे तीन तुकडे करून ‘जरा नीट भाषेत लिहून द्या’ एवढं सांगून मंडळी मोकळी होतात. तिघंही मन लावून लिहितात, आणि हाती तीन वेगळ्या पुस्तिका येतात. काम वाटण्याआधी काय तयार ठेवायचं, ते आज एका निरोपाच्या आधाराने पाहू.

नोव्हेंबरच्या मध्यावर संध्याकाळी टाकलेला असा एक निरोप घ्या : “दादांनो, उद्यापासून ढगाळ. ४० च्या पुढच्यांनी सकाळचं औषध घ्या. ४० च्या आतल्यांचं काल झालंय, त्यांनी थांबा. दोन ग्रॅमच, जास्त नको.”

गटातल्या माणसाला यात काहीच अडत नाही. त्याने सकाळचा निरोप वाचलेला असतो, आपली छाटणी कधी झाली हे त्याला पाठ असतं आणि ‘४०’ म्हणजे छाटणीनंतरचे दिवस हे त्याला सांगावं लागत नाही. लिहिणाऱ्याकडे यातलं काहीच नसतं. महाराष्ट्रात द्राक्षाची छाटणी वर्षातून दोनदा होते, म्हणून निव्वळ ‘छाटणीनंतर ४० दिवस’ असं लिहूनही भागत नाही. फळछाटणीनंतर चाळिसाव्या दिवसाच्या आसपास बाग फुलोऱ्यात असते. उन्हाळ्यातल्या खरड छाटणीनंतर तेवढ्याच दिवसांनी काडी तयार होत असते आणि पुढच्या हंगामाचे घड डोळ्यांत आकार घेत असतात. आकडा तोच असला, तरी कामं वेगळी. निरोपाची तारीख पुसली की आकड्याचा अर्थच जातो.

म्हणून पहिलं काम संदर्भ भरण्याचं. तक्त्यात प्रत्येक निरोपासमोर तारीख, त्या वेळी चालू असलेला छाटणीचा हंगाम, तो कोणत्या निरोपाच्या किंवा प्रश्नाच्या उत्तरात आला आणि सोबत फोटो होता का, एवढ्या चार गोष्टी लिहायच्या. शेवटच्या दोन गोष्टींकडे खास लक्ष द्या. गटातलं संभाषण फोटोंशिवाय फाइलीत उतरवलं की फोटोच्या जागी फक्त `<Media omitted>` एवढंच उरतं. खाली सल्लागाराने लिहिलेलं असतं, “असं पान दिसलं की वाट बघू नका.” कसं पान, हे त्या फाइलीत कुठेच नसतं. कोणता निरोप कोणाला उत्तर म्हणून दिला, ती जोडणीही उतरत नाही. दोन्ही गोष्टी मूळ गट उघडून, हाताने भराव्या लागतात. कंटाळवाणं काम आहे, पण त्याला पर्याय नाही. याच फेरीत शेतकऱ्यांची नावं आणि फोन नंबर काढून टाका. लिहिणाऱ्यांना त्यांची गरज नसते.

आता आपला निरोप पुन्हा पाहा. त्यात ‘थांबा’ आहे. नीटनेटकं लिहिणारा सहज लिहून जाईल, “ढगाळ हवामानात फळछाटणीनंतर ४० दिवसांच्या आतील बागांनी फवारणी करू नये.” वाक्य शुद्ध आहे, पण सल्ला घातक आहे. कोवळ्या फुटींवर आणि घडांवर डाउनी सगळ्यात लवकर चढतो. ढगाळ, ओल्या हवेत त्याच बागा जास्त जपाव्या लागतात. सल्लागाराने त्यांना थांबवलं ते फक्त त्यांची फवारणी आदल्या दिवशी झाली होती म्हणून. त्या दिवशी गटाचे दोन भाग सांगण्यापुरता ४० हा आकडा आला होता, औषधाशी त्याचा संबंध नव्हता. हे लिहिणाऱ्याने ताडायचं नसतं. निरोप वाटण्याआधी संपादकाने सल्लागाराला विचारून ते संदर्भाच्या रकान्यात लिहून ठेवायचं. ‘उद्या’, ‘काल’, ‘सकाळचं’, ‘वरचं’, ‘बाकीचे’ हे शब्द फाइलीत शोधा. ते आलेला प्रत्येक निरोप संशयित धरा.

संदर्भानंतर वाचक. ‘वाचक : शेतकरी’ असं लिहिलं, तर कोणालाच काही कळत नाही. पुस्तिका कोणाच्या हातात असेल तो माणूस डोळ्यांसमोर आणा. आपल्या उदाहरणात बागायतदाराला बाग नवीन नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग म्हणजे काय ते त्याला सांगू नका, त्याला ते अपमानासारखं वाटेल. पण टाकीत औषध मिसळणारा बरेचदा दुसराच कोणी असतो आणि त्याला मजकूर मोठ्याने वाचून दाखवला जातो. या एका गोष्टीवरून लिहिण्याचे दोन नियम निघतात : एका वाक्यात एकच कृती, आणि कंसात काहीही नाही. कंस मोठ्याने वाचता येत नाहीत.

मग शब्दसूची. तिच्यावर मात्र वेळ खर्च करा. तिचे तीन रकाने पुरेत : निरोपात येणारा शब्द, पुस्तिकेत छापायचा शब्द आणि कारण. कारणाचा रकाना गाळू नका, कारण कळलं की लिहिणारा सूचीत नसलेल्या शब्दाबाबतही बरोबर निर्णय घेतो. निरोपांत ‘डाउनी’ही येतं आणि ‘केवडा’ही. रोग एकच. मी ‘डाउनी’ ठेवेन, कारण कृषी सेवा केंद्राच्या काउंटरवर तोच शब्द चालतो. ‘ऑक्टोबर छाटणी’, ‘गोडी छाटणी’ आणि ‘फळछाटणी’ या तिन्हींसाठी ‘फळछाटणी’ ठेवेन. सटाण्याकडच्या आगाप बागांची ही छाटणी ऑक्टोबरच्या बरीच आधी उरकलेली असते, तिथे महिन्याचं नाव गोंधळ घालतं.

सूचीचा दुसरा भाग हात न लावण्याच्या शब्दांचा. ‘घड जिरणे’ हा बोलीतला, ओबडधोबड वाटणारा शब्द आहे. भाषा सुधारण्याच्या उत्साहात कोणीतरी तो ‘घड सुकणे’ करतो. पण जिरणं आणि सुकणं या वेगळ्या गोष्टी. जिरलेल्या घडाची वाढच होत नाही, बरेचदा त्याची बाळी होते. सुकतो तो तयार झालेला घड. ‘पोंगा’, ‘फेलफूट’, ‘मणीगळ’ हेही तसेच राहू द्या. बागेत रोज वापरले जाणारे हे नेमके शब्द आहेत. त्यांच्या जागी पुस्तकी शब्द आणला, तर वाचणारा थबकेल.

तिसरा भाग आकड्यांचा, आणि तिथे नियम एकच : आकडा आणि एकक जसंच्या तसं. “४५ ला एम ४५ घ्या” या निरोपात पहिले ४५ दिवस आहेत आणि दुसरे औषधाच्या नावातले. सूचीत ‘एम ४५ : मॅन्कोझेब’ अशी नोंद आधीच हवी. ‘दोन ग्रॅम’ कशाला, हे निरोपात नसेल तर लिहिणाऱ्याने स्वतः घालायचं नाही. तिथे खूण करायची आणि सल्लागाराकडून भरून घ्यायचं. लिटरमागचं प्रमाण एकरी करून लिहिण्याचा मोहही टाळा. २ ग्रॅमने २०० लिटरला ४०० ग्रॅम होतात हे खरं, पण एकराला पाणी किती लागेल ते वेलीच्या पसाऱ्यावर ठरतं. बाग वाढते तसं ते बदलतं.

राहिला सूर. ‘आपुलकीने लिहा’ ही सूचना देऊ नका. एकाची आपुलकी ‘बळीराजा’पाशी जाते, दुसऱ्याची ‘मित्रहो’पाशी. तपासता येईल असाच नियम लिहा. वाचकाला ‘तुम्ही’ म्हणा. ‘तू’ नको, ‘आपण’ही नको. क्रियापद ‘करा’, ‘घ्या’, ‘थांबा’ असं. ‘करावे’ नको, ‘करण्यात यावे’ तर नकोच. अट आधी, कृती नंतर, म्हणजे ऐकणारा अट ऐकण्याआधी उठून जाणार नाही.

यातला सगळ्यात महत्त्वाचा नियम खात्रीच्या वजनाचा आहे. “मला तरी डाउनीच वाटतोय, उद्या पान आणून दाखवा” याचं “हा डाउनी आहे” होता कामा नये. तसंच “जास्त नको” याचं “शक्यतो प्रमाण वाढवणे टाळा” होता कामा नये. पहिल्यात सल्लागाराची शंका गळाली, दुसऱ्यात त्याचा ठामपणा. सफाईदार लिहिणाऱ्याच्या हातून हे दोन्ही नकळत होतं, म्हणून नियमाखाली अशा दोनतीन जोड्या, मूळ आणि हवं तसं, शेजारी शेजारी द्या. लिहिणारे नियमापेक्षा जोड्यांवरूनच जास्त शिकतात.

हे सगळं एका सूचनापानाच्या दोन बाजूंवर बसवा. पान मोठं झालं की ते उघडलं जात नाही. मग दहा निरोप निवडा, सोपे नव्हे, अडणारे, आणि तेच दहा तिघांनाही द्या. आलेले मसुदे एकाखाली एक लावून वाचा. जिथे फक्त शब्द वेगळे आहेत तिथे फार अडू नका. जिथे शेतकऱ्याची कृती वेगळी होईल तिथे खूण करा. प्रत्येक खुणेसाठी मसुदा दुरुस्त करून थांबू नका, पानावर एक ओळ वाढवा किंवा बदला. आपला निरोप तिघांकडूनही साधारण असा यायला हवा :

“फळछाटणी झालेल्या बागेत, ढगाळ हवामानाचा अंदाज असेल तर मॅन्कोझेबची फवारणी घ्या. प्रमाण एक लिटर पाण्याला २ ग्रॅम. यापेक्षा जास्त घेऊ नका. आदल्या दिवशी हीच फवारणी झाली असेल तर थांबा.”

‘४०’ गेला आणि ‘काल’ची अट झाली. ‘सकाळचं औषध’ कोणतं ते संदर्भाच्या रकान्यातून आलं, लिटरचं एकक सल्लागाराने भरून दिलं. ‘जास्त नको’चं वजन तसंच राहिलं.

दहा निरोप जुळले की बाकीचे वाटा, पण तारखेने नव्हे, अवस्थेने : पोंगा ते फुलोरा एकाकडे, मणी धरल्यापासून पुढचं दुसऱ्याकडे, खरड छाटणीचं तिसऱ्याकडे. एकाच प्रकारचे शब्द एकाच हाताखालून जातात, चुका कमी होतात. एका वेळी पंचवीसेक निरोपच द्या आणि प्रत्येक गठ्ठ्यात आधीच्या दहांतला एक पुन्हा, न सांगता घाला. तो पहिल्यापेक्षा वेगळा लिहून आला, तर लिहिणाऱ्याने पान बघणं सोडलं आहे. काम चालू असताना नवे प्रश्न येतीलच. त्यांची उत्तरं फोनवर एकेकाला देऊ नका. पान एकाच माणसाच्या ताब्यात ठेवा. बदल त्यानेच करावा, वर तारीख घालावी आणि तिघांना एकदमच पाठवावा.

पुढच्या लेखांकात तयार मजकूर सल्लागाराकडून तपासून कसा घ्यायचा ते पाहू. तोवर तुमच्या गटातले ‘उद्या’, ‘काल’ आणि ‘वरचं’ असलेले निरोप शोधून ठेवा. आणि ज्याने ते लिहिले त्याला त्यांचा अर्थ आत्ताच विचारा. पुढच्या हंगामापर्यंत तोही विसरलेला असेल.