‘बाकी काय?’ दुसऱ्यांदा आलं की फोन ठेवायची वेळ झाली!

खानापूर, निपाणीकडची पोरं नोकरीसाठी पुण्या-बंगळुरूला गेली की घराशी नातं उरतं ते रविवारच्या फोनवर. पण बऱ्याच घरांत हा फोन ‘बाकी काय?’, ‘बाकी काही नाही’ करत विझत जातो. पुढच्या रविवारी मग फोन करायचा दोघांनाही कंटाळा येतो.

याचं कारण आपल्या आठवणीत आहे. मानसशास्त्रज्ञ डॅनियल काहनेमन आणि सहकाऱ्यांनी 1993 मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. लोकांना एकदा 14 अंशांच्या गार पाण्यात 60 सेकंद हात ठेवायला लावला. दुसऱ्यांदा तेच 60 सेकंद, वर आणखी 30 सेकंद; पण त्यात पाणी हळूहळू एका अंशाने कोमट केलं. पुन्हा कोणतं करणार, असं विचारल्यावर बहुतेकांनी जास्त वेळाचं निवडलं. म्हणजे अनुभव किती वेळ चालला यापेक्षा त्यातला सर्वांत तीव्र क्षण आणि शेवट मनात जास्त राहतो. गप्पांनाही हे बऱ्यापैकी लागू पडतं.

समजा, आई खानापुरात आणि मुलगा पुण्यात. दहाव्या मिनिटाला आई शेजारच्या लग्नातली फजिती सांगते, दोघं पोटभर हसतात. पुढे विषय संपतात. पहिलं ‘बाकी काय?’ खरा प्रश्न असतो, एखादी राहिलेली गोष्ट त्यातून निघतेही. दुसरं आलं की विषय संपले समजावं. तिथेही रेटलं, तर आईचं गाडं ‘जेवण वेळेवर करत नाहीस’वर येतं, आणि मुलाच्या लक्षात राहतं ते तेवढंच.

त्यापेक्षा मुलाने हसू ओसरायच्या आत म्हणावं, “बरं मग आई, ठेवतो आता. त्या आचाऱ्याचं आठवून उद्या ऑफिसात हसू येणार बघ! आणि गणपती रंगवायला दिलायस ना, बुधवारी फोटो पाठव, मग फोन करतो.” यात ‘बरं मग’ने आईला आवरतं घ्यायची सूचना मिळते, ऐकलेल्या गोष्टीची आठवण निघते आणि पुढच्या फोनला ठरलेलं निमित्त मिळतं. नुसतं ‘बोलू नंतर’ म्हटल्याने यातलं काहीच होत नाही. निघताना ‘जातो’ न म्हणता ‘येतो’ म्हणायची आपली रीतही हेच करते.

दोन पथ्यं मात्र पाळावीत. “एक गोष्ट आहे, पण नंतर सांगेन” असं म्हणून ठेवू नये. आई रात्रभर काळजी करत बसते. आणि दुखणं, पैशाची अडचण असले विषय सुरुवातीलाच काढावेत. शेवटी ते निघालेच, तर गोड शेवटाचा नाद सोडून ऐकत राहावं. बुधवारी फोटो आला की फोन मात्र करायचाच. एकदा जरी चुकला, तरी पुढच्या वेळी त्या शब्दाची कुणी वाट बघत नाही.