दहा मिनिटांत चौदा चेंडू

आकाशवाणीच्या हिंदी क्रिकेट समालोचनात एका समालोचकाच्या वाट्याला एका वेळी दहा मिनिटे आली, तर त्यात जेमतेम चौदा-पंधरा चेंडू बसतात. एकदिवसीय सामन्यात 50 षटकांसाठी साडेतीन तास ठरलेले असतात, म्हणजे एका षटकाला सव्वाचार मिनिटांच्या आसपास. त्या हिशेबाने दहा मिनिटांत दोन षटके पुरी होतात आणि तिसरे अर्ध्यावर येते. षटकाच्या मध्येच माइक दुसऱ्याच्या हाती देणे बरे दिसत नाही. त्यामुळे घड्याळातली दहा मिनिटे प्रत्यक्षात कधी आठ होतात, कधी बारा.

दोन चेंडूंमधले अंतर चाळीस सेकंदांचे धरले, तरी खेळ असा त्यातला फार थोडा वेळ चालतो. वेगवान गोलंदाजाची धाव चार-पाच सेकंदांची. ताशी 140 किलोमीटर वेगाने सुटलेला चेंडू साधारण अर्ध्या सेकंदात फलंदाजापर्यंत पोहोचतो. तेवढ्यात एखादा शब्द बोलून होतो, वाक्य होत नाही. पुढे चेंडू क्षेत्ररक्षकाकडे किंवा सीमारेषेकडे जाईपर्यंत आणखी तीन-चार सेकंद मिळतात. उरलेली अर्ध्या मिनिटाची मोकळी जागा धावफलक, क्षेत्ररचना, हवा आणि जोडीदार तज्ज्ञाशी गप्पा यांनी भरायची असते. समालोचकाच्या बोलण्यात म्हणून दोन चाली असतात, एक त्या आठ-दहा सेकंदांची आणि एक उरलेल्या वेळेची. तुटक, जोरकस वाक्ये पहिल्या चालीतली. दुसऱ्या चालीतही तीच वापरली, तर ऐकणारा पाच मिनिटांत थकतो.

धाव सुरू होते तेव्हा क्रियापदे चालू काळात असतात: 'दौड़ रहे हैं... अंपायर के पास से गुजरते हुए...'. चेंडू हातातून सुटला की काळ बदलतो आणि वाक्ये आखूड होतात: 'ऑफ स्टंप के बाहर, आगे बढ़े, ड्राइव किया, कवर में सीधे फील्डर के पास, कोई रन नहीं.' या ओळीत कर्ता कुठेच नाही. फलंदाजाचे नाव धाव सुरू होण्याआधीच सांगून झालेले असते. 'है' गेले, 'ने' गेले, 'उन्होंने' गेले. ऐकणाऱ्याला मात्र चेंडू कुठे पडला, फलंदाजाने काय केले, चेंडू कुठे गेला आणि धावा किती, हे घडले त्याच क्रमाने मिळाले. हा क्रम मोडला की रेडिओवर चित्र उभे राहत नाही. 'चौका' आधी आणि फटका नंतर सांगितला, तर ऐकणाऱ्याला निकाल कळतो, पण खेळ दिसत नाही.

हिंदीत क्रियापद वाक्याच्या शेवटी येते, मराठीसारखेच. निवांत बोलण्यात याचा त्रास नाही. पण चेंडू धावत असताना क्रियापदाची वाट पाहत बसणे परवडत नाही. कसलेला समालोचक म्हणून लांब वाक्याचे तीन-चार तुकडे करतो आणि प्रत्येक तुकड्याला स्वतःचे क्रियापद देतो. दुसरा मार्ग चेंडूलाच कर्ता करण्याचा. 'बल्लेबाज ने गेंद को कट किया' म्हणण्याऐवजी चेंडू आपण होऊन हलू लागतो: गेंद निकली, उछली, लहराई, टकराई, छिटकी, लुढ़की. ही सारी अकर्मक क्रियापदे. त्यांना 'ने' लागत नाही, 'को' लागत नाही, आणि प्रत्येकाची चाल वेगळी. 'लुढ़की' म्हटले की चेंडू दमत चाललेला दिसतो आणि क्षेत्ररक्षक तो गाठेल असे वाटते. 'सरपट भागी' म्हटले की त्याचा पाठलाग करण्यात अर्थ नाही हे आपसूक कळते.

फलंदाजाच्या क्रियापदांना मात्र वजनाची उतरंड असते. 'छोड़ दिया', 'रोका', 'धकेला', 'सरकाया', 'मोड़ा', 'काटा', 'जड़ा', 'दे मारा' ही जवळपास चढत्या जोराची रांग आहे. एका धावेसाठी मिड ऑनकडे ढकललेल्या चेंडूला 'जड़ा' म्हटले, तर पुढच्या षटकात खरोखरच सणसणीत फटका बसेल तेव्हा भात्यात काही उरत नाही. नवख्या समालोचकाची ही सर्वांत मोठी चूक. तिचे कारण उत्साह नसून भीती असते: आवाज खाली आला तर श्रोता बटण फिरवेल, असे त्याला वाटते. सुशील दोशींसारख्या मुरलेल्या समालोचकाचे बोलणे ऐकताना लक्षात येते ते उलटेच. कंटाळवाण्या षटकात ते कंटाळवाणेपणाही नीट सांगतात. इंदूरच्या होळकर स्टेडियममधल्या समालोचन कक्षाला दोशींचे नाव दिलेले आहे.

क्षेत्ररक्षणाच्या जागांची नावे हिंदीने इंग्रजीतूनच घेतली. पॉइंट, गली, मिड विकेट, फाइन लेग ही नावे तशीच राहिली आणि ते शहाणपणाचे झाले, कारण चौथीतल्या मुलालाही ती गल्लीत खेळून माहीत असतात. बल्लेबाज, गेंदबाज, चौका, छक्का, सीमा रेखा, गिल्लियां हे शब्द मात्र हिंदीचे आपले. या दोन्हींच्या मिश्रणाने भाषा बोलीतली राहते. मराठीतही आकाशवाणीवरून बाळ ज. पंडितांनी केलेल्या समालोचनात अशी सरमिसळ होतीच.

जोराची वाक्ये कुठे वापरायची आणि कुठे गप्प राहायचे, हे पाहण्यासाठी बहुतेकांच्या आठवणीतले एक षटक घेता येईल. 24 सप्टेंबर 2007, जोहान्सबर्ग, पहिल्या ट्वेंटी-20 विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताच्या 157 धावा. पाकिस्तान 19 षटकांत 9 बाद 145, जिंकायला 13 हव्यात आणि समोर मिसबाह उल हक. चेंडू जोगिंदर शर्माच्या हाती. पुढच्या हिंदी ओळी कोणा समालोचकाच्या मूळ शब्दांतल्या नाहीत, रचना समजावी म्हणून त्या इथे बांधल्या आहेत.

षटक सुरू होण्याआधी आवाज खाली असतो आणि वाक्ये पूर्ण असतात: 'आखिरी ओवर. पाकिस्तान को चाहिए तेरह रन, आखिरी जोड़ी क्रीज पर, मिसबाह सामने.' ज्याने आत्ताच रेडिओ लावला, त्याला यात सगळे मिळाले. पहिला चेंडू: 'जोगिंदर दौड़े... बाहर, बहुत बाहर, छुआ नहीं... वाइड. अब छह गेंद, बारह रन.' इथे उत्साह दाखवायचे कारण नाही. गणित सांगणे महत्त्वाचे, कारण वाइडने धाव वाढली पण चेंडू तेवढेच राहिले. पुढचा चेंडू मिसबाहच्या बॅटला चुकवून गेला: 'ऑफ स्टंप के बाहर, बल्ला घुमाया, चूके! धोनी के दस्तानों में.' यात 'चूके' हा एकच शब्द उंच स्वरात. बाकीचे शब्द त्याच्या आधार-भिंतींसारखे सपाट.

तिसरा चेंडू फुलटॉस पडला आणि मिसबाहने तो समोर भिरकावला: 'फुलटॉस... सामने उठाया... हवा में, बहुत ऊंचा... और बाहर! छह रन!' हिंदी समालोचनातले सर्वांत मोलाचे दोन शब्द या ओळीत आहेत: 'हवा में'. चेंडू उंच गेला की दोन-तीन सेकंद काहीही होऊ शकते. तो सीमारेषेपलीकडे जाईल की हातात येईल, हे समालोचकालाही ठाऊक नसते. 'हवा में' म्हणून तो निकाल न सांगता श्रोत्याला चेंडूखाली उभे करतो. घाईत 'छक्का' ओरडून टाकले आणि रेषेवर झेल झाला, तर ती चूक मागे घेताना ऐकणाऱ्याचा विश्वास जातो. चूक झालीच तर झाकायची नसते, लगेच 'नहीं, पकड़ लिया' म्हणून मोकळे व्हायचे असते.

आता चार चेंडूंत सहा धावा. मिसबाह आडवा सरकला आणि त्याने चेंडू खांद्यावरून मागे उचलला: 'मिसबाह हटे... पीछे की ओर उठाया... हवा में... नीचे श्रीसंत... श्रीसंत... कैच!' क्षेत्ररक्षकाचे नाव दोनदा येते ते अलंकार म्हणून नव्हे. चेंडू खाली येईपर्यंतचा वेळ तेवढा लांब असतो आणि त्या वेळेत नावाखेरीज दुसरे काही बोलण्यासारखे नसते. 'कैच' म्हटल्यावर समालोचकाने थांबायचे. मैदानाकडे रोखलेल्या वेगळ्या मायक्रोफोनमधून गर्दीचा कल्लोळ येतच असतो. त्याच्यावर ओरडले तर आवाज फाटतो आणि कल्लोळही हरवतो. दोन-तीन सेकंदांनी, गर्दी जराशी ओसरली की सांगायचे: 'भारत पांच रन से जीता. पाकिस्तान एक सौ बावन पर ऑल आउट.' आकडे नंतर, पण आकडे नक्की.

या चार चेंडूंच्या समालोचनात विशेषणे जवळपास नाहीत. 'शानदार', 'जबरदस्त', 'क्या बात है' यांनी श्रोत्याला बोलणाऱ्याचे मत कळते, चेंडूची दिशा कळत नाही. टीव्हीवर ते खपते, कारण दिशा डोळ्यांना दिसते. टीव्हीच्या सवयीने रेडिओवर बसणारे खेळाडू-तज्ज्ञ इथेच फसतात. 'देखिए, क्या शॉट है' म्हणतात आणि चेंडू कव्हरकडे गेला की लेगला, हे सांगायचे राहून जाते. समालोचन पारखण्याची सोपी रीत आहे. डोळे मिटून ऐकावे आणि प्रत्येक चेंडूनंतर तो कुठे गेला ते बोटाने हवेत दाखवता येते का ते पाहावे. डावखुरा फलंदाज आला की ही परीक्षा अवघड होते, कारण सगळे मैदान आरशातल्यासारखे उलटते. त्याच्या पहिल्या दोन चेंडूंना 'बाएं हाथ के बल्लेबाज' हे सांगितलेच पाहिजे.

दुसरी खोड 'और'ची. प्रत्येक चेंडूची सुरुवात 'और ये गेंद' अशी झाली की त्या शब्दातला जोर मरतो. चौदा चेंडूंच्या पाळीत 'और' दोन-तीनदाच, निकालाच्या ठिकाणी यावा. वर षटकारावर तो आला आणि झेलाला मुद्दाम वगळला, कारण लागोपाठच्या चेंडूवर तो पुन्हा आला असता तर झेल षटकाराची नक्कल वाटला असता.

षटक संपले की श्वास घ्यायला वेळ मिळतो. तेव्हा धावसंख्या, दोन्ही फलंदाजांच्या धावा आणि गोलंदाजाचे आकडे सांगायचे, मग तज्ज्ञाला एक प्रश्न. प्रश्न असा हवा की उत्तर वीस सेकंदांत संपेल. गोलंदाज धावायला लागला आणि तज्ज्ञ अजून बोलत असेल, तर समालोचक त्याचे वाक्य तोडतो. तो उद्धटपणा मानला जात नाही. पाळी संपवताना पुन्हा एकदा धावसंख्या, कोणत्या टोकाकडून कोण गोलंदाजी करणार ते आणि जोडीदाराचे नाव, एवढेच बोलायचे. दहा मिनिटांचा गोषवारा इथे द्यायचा नसतो, कारण जोडीदाराच्या पहिल्या वाक्याआधीच गोलंदाज धावायला लागलेला असू शकतो.