उसाचं बिल खात्यात पडून राहतं तेव्हा

करवीर, शिरोळ, कागल या तालुक्यांत वर्षाचा मोठा पैसा गळीत हंगामात येतो. ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी देण्याचं बंधन कारखान्यावर आहे. ते पाळलं जातं की नाही, हा वेगळा विषय. सोसायटीची कपात होऊन उरलेली रक्कम बचत खात्यात येते आणि पुढे वर्षभर थोडी थोडी खर्ची पडते. या मधल्या काळात तिच्यावर व्याज किती मिळतं?

एक काल्पनिक खातं घेऊ. १ जानेवारीला शिल्लक १०,००० रुपये. २१ जानेवारीला बिलाचे ४ लाख जमा झाले. १ मार्चला खत-मजुरीसाठी ४०,००० काढले, १० जूनला मुलाच्या कॉलेजची फी आणि हॉस्टेल मिळून १,६०,००० आणि १ ऑक्टोबरला घरदुरुस्तीसाठी १ लाख. वर्षअखेरीस उरले १,१०,०००. बचतीचा दर अडीच टक्के धरू.

बँक रोज दिवसअखेरची शिल्लक बघते. १०,००० रुपये २० दिवस राहिले, ४,१०,००० रुपये ३९ दिवस, ३,७०,००० रुपये १०१ दिवस, २,१०,००० रुपये ११३ दिवस आणि १,१०,००० रुपये ९२ दिवस. प्रत्येक शिल्लक तिच्या दिवसांनी गुणायची आणि सगळ्यांची बेरीज करायची. ती येते ८,७४,१०,०००. तिला अडीचने गुणून ३६,५०० ने भागलं की वर्षाचं व्याज मिळतं: साधारण ५,९८७ रुपये. व्याज दर तिमाहीला जमा होतं आणि पुढे त्यावरही व्याज चढतं, म्हणून पासबुकातला आकडा किंचित जास्त दिसेल. फार कमी दिसला तर मात्र हाच हिशेब कागदावर मांडून शाखेत विचारावं.

रोजच्या शिल्लकेचा हा नियम १ एप्रिल २०१० पासूनचा. त्याआधी महिन्याच्या १० तारखेपासून अखेरपर्यंतची सर्वांत कमी शिल्लक धरत. त्या हिशेबात आपल्या ४ लाखांना जानेवारीचे ११ दिवस एक पैसाही मिळाला नसता.

आता स्वीप. ही सोय सहसा खातेदाराने मागून सुरू करून घ्यावी लागते. खात्यात ठरावीक रक्कम ठेवून वरची रक्कम आपोआप मुदत ठेवीत जाते आणि खात्यात पैसे कमी पडले की ठेवीतून तेवढे परत येतात. ही मर्यादा बँकेगणिक वेगळी असते. आपण ५०,००० धरू. म्हणजे २१ जानेवारीला ३,६०,००० रुपयांची एक वर्षाची ठेव झाली, दर सव्वासहा टक्के.

मार्चचे ४०,००० खात्यातल्या ५०,००० मधून जातात, ठेवीला हात लागत नाही. खात्यात उरलेले १०,००० तसेच राहू दिले तर जूनची फी मात्र ठेव मोडूनच द्यावी लागते, आणि लोकांचा अंदाज चुकतो तो इथेच. मोडलेल्या १,६०,००० वर सव्वासहा टक्के मिळत नाहीत. पैसा जितके दिवस राहिला, तेवढ्या मुदतीचा दर लागतो आणि त्यातूनही बऱ्याच बँका दंड म्हणून काही कापतात. १४० दिवसांचा दर पाच टक्के आणि दंड अर्धा टक्का धरला तर साडेचार टक्क्यांनी २,७६२ रुपये होतात. ऑक्टोबरचा १ लाख २५३ दिवस राहिला. त्याचा दर सहा, दंड वजा जाता साडेपाच, म्हणून ३,८१२ रुपये. न मोडलेल्या १ लाखाचं डिसेंबरअखेरपर्यंतचं व्याज ५,९०८. खात्यात राहिलेल्या रकमेचं बचतीच्या दराने ३५७. एकूण १२,८३९ रुपये, म्हणजे नुसत्या बचतीपेक्षा ६,८५२ जास्त.

हा फायदा पैसा महिनोन्‌महिने पडून राहिला म्हणून झाला. ज्या खात्यात दर दहा दिवसांनी दुधाचं बिल येतं आणि लगेच पशुखाद्याला जातं, तिथे स्वीपचा उपयोग नाही. सात दिवसांच्या आत मोडलेल्या ठेवीवर सहसा व्याजच नसतं आणि महिन्याभराच्या ठेवीचा दर दंड वजा जाता बचतीच्या आसपास येतो. कोणती ठेव आधी मोडते, तेही विचारून घ्यावं. शेवटची आधी मोडत असेल तर जुनी ठेव आपली मुदत पुरी करते.

कराच्या जुन्या पद्धतीत बचत खात्याच्या व्याजाला १०,००० पर्यंत वजावट आहे. साठीच्या आतल्या माणसाला ती ठेवीच्या व्याजावर मिळत नाही, आणि स्वीप ही ठेवच.

फीची तारीख जानेवारीतच माहीत असेल तर १,६०,००० ची १४० दिवसांची साधी ठेव वेगळी करता येते. मोडावी लागत नाही, म्हणून दंड नाही. पूर्ण पाच टक्क्यांनी ३,०६८ रुपये मिळतात, स्वीपपेक्षा ३०६ जास्त. पण कॉलेजने फी पंधरा दिवस आधी मागितली, तर तीही मोडावी लागेल आणि हे जास्तीचे पैसे गेले. तारखेची खात्री नसेल तर मी स्वीपच ठेवीन.