औष्णिक कार्यक्षमता वक्र

औष्णिक कार्यक्षमता वक्र म्हणजे एखाद्या शीतरक्ती प्राण्याचे कार्य त्याच्या शरीराच्या तापमानानुसार कसे बदलते हे दाखवणारा आलेख होय. कीटक, सरडे, पाली, साप, बेडूक यांसारखे प्राणी शरीराची उष्णता मुख्यतः परिसरातून मिळवतात. म्हणून त्यांची धावण्याची गती, अन्न पचवण्याचा वेग, वाढ, अंडी घालण्याची क्षमता आणि अखेरीस संख्यावाढ या साऱ्या गोष्टी तापमानाशी बांधलेल्या असतात. ‘शीतरक्ती’ हा रूढ शब्द काहीसा दिशाभूल करणारा आहे, कारण दुपारच्या उन्हात खडकावर बसलेल्या सरड्याचे रक्त माणसाच्या रक्ताइतके किंवा त्याहूनही उष्ण असू शकते.

हवामान तापत असताना एखाद्या प्रजातीचे काय होईल याचा अंदाज बांधण्यासाठी हा वक्र मोठ्या प्रमाणावर वापरला जातो. रेमंड ह्युई आणि आर. डी. स्टीव्हन्सन यांच्या १९७९ मधील लेखानंतर त्याचा वापर जीवशास्त्रात रुळला.

== वक्राचा आकार ==

आडव्या अक्षावर शरीराचे तापमान आणि उभ्या अक्षावर कार्यक्षमता घेतली, तर वक्र डावीकडून संथपणे चढतो, शिखर गाठतो आणि नंतर झपाट्याने कोसळतो. शिखराच्या तापमानाला इष्टतम तापमान म्हणतात. दोन्ही टोकांना जिथे कार्य थांबते ती किमान आणि कमाल मर्यादा होय. चढ आणि उतार सारखे नसतात. थंडीत शरीरातील रासायनिक क्रिया मंदावतात, पण बहुधा बिघडत नाहीत. शिखरापलीकडे मात्र विकरांची आणि पेशीपटलांची रचनाच ढासळू लागते आणि प्राणवायूची गरज पुरवठ्यापुढे जाते. त्यामुळे इष्टतम तापमानापासून कमाल मर्यादेपर्यंतचे अंतर बरेचदा थोडेच असते. तापमानवाढीच्या अंदाजात सर्वाधिक महत्त्व या असमानतेला आहे. शिखराच्या डावीकडे दोन अंशांची वाढ लाभाची ठरते, तर उजवीकडे तेवढीच वाढ मोठी हानी करते.

कर्टिस डॉइश आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये ३८ कीटक प्रजातींच्या संख्यावाढीच्या नोंदी घेऊन असे वक्र बसवले. त्यांनी वापरलेले सूत्र सोपे आहे. शिखरापर्यंत घंटाकृती चढ आणि शिखरानंतर वर्गाच्या प्रमाणात उतार असे त्याचे दोन भाग आहेत :

```
T <= Topt :  P = exp(-((T - Topt) / (2s))^2)
T >  Topt :  P = 1 - ((T - Topt) / (Topt - CTmax))^2
```

येथे `P` ही शिखराच्या तुलनेतील कार्यक्षमता, `Topt` हे इष्टतम तापमान, `CTmax` ही कमाल मर्यादा आणि `s` ही चढाची रुंदी होय. उष्ण कटिबंधातील कीटक आधीच शिखराच्या जवळ राहतात, त्यामुळे थोडी तापमानवाढही त्यांना बाधते. समशीतोष्ण प्रदेशातील कीटकांना वर सरकायला अजून जागा आहे, असा निष्कर्ष त्या अभ्यासातून निघाला.

== उचगावचे उदाहरण : सरासरी का फसवते ==

उचगाव हे कोल्हापूर शहराला लागून असलेले करवीर तालुक्यातील गाव आहे. कोल्हापूरच्या पठारी हवामानात एप्रिलमधील दुपार तापते आणि रात्र बरीच उतरते. हा दैनंदिन चढउतार हिशेबात घेतला नाही तर वक्राचे उत्तर चुकते. उदाहरणासाठी इष्टतम तापमान ३०°, कमाल मर्यादा ४०° आणि `s` = ५ असलेला एक कीटक मानू. ही आकडेवारी समजुतीपुरती आहे, कोणत्याही एका किडीची मोजणी नव्हे. एप्रिलमधील एका दिवसाचे चार-चार तासांचे सहा भाग पाडून त्यांची तापमाने २२, २४, ३१, ३७, ३३ आणि २७ अंश धरली, तर सरासरी २९° येते.

सूत्रात थेट २९ घातले तर कार्यक्षमता ०.९९ मिळते, म्हणजे कीटक जवळजवळ शिखरावर आहे. प्रत्येक भागाची कार्यक्षमता स्वतंत्र काढली तर अनुक्रमे ०.५३, ०.७०, ०.९९, ०.५१, ०.९१ आणि ०.९१ येतात आणि त्यांची सरासरी ०.७६ भरते. आता प्रत्येक भागाचे तापमान दोन अंशांनी वाढवू. सरासरी तापमान ३१° होते आणि त्यावरून काढलेली कार्यक्षमता पुन्हा ०.९९ येते, जणू काही बदललेच नाही. भागवार हिशेब मात्र ०.७३ दाखवतो. रात्री थोड्या सुधारल्या, पण दुपारच्या चार तासांत कार्यक्षमता ०.५१ वरून ०.१९ वर आली आणि रात्रीचा सारा लाभ तिने खाऊन टाकला. तीन अंशांची वाढ घेतली तर दुपारचा भाग ४०° वर, म्हणजे शून्यावर पोहोचतो आणि दिवसाची सरासरी ०.७० होते.

या फरकामागे डेन्मार्कचे गणिती योहान येन्सेन यांच्या नावाने ओळखली जाणारी असमता आहे. वक्र जिथे घुमटासारखा असतो तिथे चढउतारांमुळे सरासरी कार्यक्षमता घटते. जिथे तो वाटीसारखा असतो तिथे ती वाढते. हिवाळ्यात हा दुसरा प्रकार दिसतो. डिसेंबरमधील सहा भागांसाठी १६, १५, २२, २९, २६ आणि १९ अंश धरले, तर सरासरी तापमानावरून ०.४६ मिळते, भागवार हिशेबाने ०.४९. दोन अंशांच्या वाढीने हा आकडा ०.५९ वर जातो. म्हणजे याच काल्पनिक कीटकाला उचगावात उन्हाळ्यात ०.०३ चा तोटा आणि हिवाळ्यात ०.१० चा फायदा होतो. वर्षाचा ताळेबंद कोणत्या बाजूला झुकेल हे केवळ तापमानावर ठरत नाही. त्या त्या महिन्यात शेतात खाद्य पीक उभे आहे की नाही यावरही ठरते.

डेव्हिड व्हॅसर आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये डॉइश यांच्याच ३८ प्रजातींवर हा मुद्दा तपासला. सरासरीतील वाढीपेक्षा चढउतारांतील वाढ अधिक धोक्याची ठरू शकते, असे त्यांना आढळले.

== वाढीचा वेग आणि संख्यावाढ ==

कार्यक्षमता नेमकी कशाची मोजली, यावर शिखराची जागा बदलते. अमेरिकन लष्करी अळी हे याचे चांगले उदाहरण आहे. मूळची अमेरिका खंडातील ही कीड २०१८ मध्ये भारतात प्रथम कर्नाटकात नोंदली गेली आणि त्याच वर्षी महाराष्ट्रातील मक्यावरही पसरली. दक्षिण आफ्रिकेत झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत या किडीला अंड्यापासून पतंगापर्यंत वाढण्यास १२.५७° च्या वर सुमारे ३९२ अंश-दिवस लागतात असे आढळले. अंश-दिवस म्हणजे दिवसाचे सरासरी तापमान किमान उंबरठ्याच्या जितके वर असेल तितक्या अंशांची रोजची बेरीज. सरासरी २५° असेल तर दररोज १२.४३ अंश-दिवस जमतात आणि पिढी सुमारे साडेएकतीस दिवसांत पुरी होते. २७° ला तीच पिढी सुमारे सत्तावीस दिवसांत होते.

येथवरचा हिशेब सरळ रेषेचा आहे आणि तो वक्राच्या चढत्या भागापुरताच खरा आहे. त्या प्रयोगांत वाढीचा वेग १८ ते ३० अंशांदरम्यान सरळ रेषेत वाढला आणि अळ्यांचे जगण्याचे प्रमाण २६ ते ३० अंशांत सर्वाधिक होते. एप्रिल-मेमधील दुपारी हीच रेषा पुढे ताणली, तर पिढ्या प्रत्यक्षापेक्षा जास्त निघतात. कृषी सल्ल्यांतील कीड-अंदाज उन्हाळ्यात वेळेच्या आधी धावू लागले, तर प्रथम याच चुकीचा संशय घ्यावा. ती टाळण्यासाठी वरच्या टोकालाही उंबरठा लावतात.

संख्यावाढीचा हिशेब आणखी वेगळा आहे. एका मादीमागे पुढच्या पिढीत १०० माद्या आणि पिढीचा काळ ३१.५ दिवस मानला, तर दररोजचा वाढीचा दर ln(१००) भागिले ३१.५, म्हणजे ०.१४६ येतो. दोन अंशांच्या वाढीने पिल्ले १०० वरून ६० पर्यंत घटली, पण पिढी २७.१ दिवसांवर आली असे धरले, तर दर ०.१५१ होतो. प्रत्येक मादीची संतती चाळीस टक्क्यांनी घटूनही कीड किंचित अधिक वेगाने वाढते. म्हणूनच केवळ अंड्यांची संख्या मोजणारा प्रयोग ‘तापमानवाढ किडीला मारक’ असे सांगू शकतो आणि शेतात त्याच्या उलट घडू शकते. सरड्यासारख्या प्राण्यात वर्षाला मोजक्याच वेळा अंडी घातली जातात. तिथे पिढी आखूड होण्याचा हा लाभ फारसा मिळत नाही आणि प्रौढांचा मृत्यू अधिक जड जातो.

== प्राणी कोणत्या तापमानात राहतो ==

हवामान केंद्रातील तापमापक सावलीत, जमिनीपासून सुमारे सव्वा मीटरवर असतो. लष्करी अळी मक्याच्या पोंग्यात राहते, तिचा कोष मातीत काही सेंटीमीटर खोल असतो आणि पतंग रात्री उडतो. एकाच किडीच्या तीन अवस्थांना एकाच दिवशी तीन निरनिराळी हवामाने भेटतात. त्यामुळे केंद्राचे आकडे थेट वक्रात घालणे ही या पद्धतीतील सर्वांत सामान्य चूक आहे. अभ्यासक त्याऐवजी पोंग्यात किंवा मातीत बारीक तापनोंदक ठेवतात. सरड्यांसाठी त्याच आकाराची आणि रंगाची पोकळ धातूची प्रतिकृती उन्हात, सावलीत आणि दगडाखाली ठेवून आतले तापमान नोंदवतात. त्या जागी निश्चल बसलेल्या सरड्याचे शरीर किती तापले असते, हे त्यावरून कळते.

बागेतला सरडा सकाळी कुंपणावर ऊन खातो आणि दुपारी झुडपात शिरतो. अशा वर्तनामुळे शरीराचे तापमान शिखराच्या आसपास टिकते आणि तापमानवाढीचा पहिला धक्का बराचसा शोषला जातो. त्याची किंमत मात्र वेळेत मोजावी लागते, कारण सावलीत दडलेला सरडा भक्ष्य शोधू शकत नाही. बॅरी सिनर्व्हो यांच्या गटाने २०१० मध्ये मेक्सिकोतील स्केलोपोरस सरड्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. १९७५ पासून त्यांच्या १२ टक्के स्थानिक वसाहती नाहीशा झाल्या होत्या. प्रजननकाळात बाहेर वावरण्यासाठी उरलेले तास अपुरे पडणे, हे त्याचे कारण त्यांनी मांडले. सरडे उन्हाने होरपळून मेले असे नव्हे. सावलीच नसलेल्या मोकळ्या माळावर आणि दाट झाडीत एकाच प्रजातीचे भवितव्य त्यामुळे भिन्न असू शकते.

== मर्यादा ==

प्रयोगशाळेत बहुतेक वक्र स्थिर तापमानात मोजले जातात. काही तास मोजलेला वक्र आणि अनेक आठवडे मोजलेला वक्र जुळत नाहीत. अल्पकाळात प्राणी जे तापमान सहज पेलतो, तेच दीर्घकाळ राहिले तर घातक ठरते आणि शिखर डावीकडे सरकते. वरील उदाहरणात दुपारी ४०° ला कार्यक्षमता शून्य धरली आणि संध्याकाळी ती पूर्ववत झाली असे मानले आहे. प्रत्यक्षात इजा मागे राहते आणि दुसऱ्या दिवशीच्या वक्रावर तिचा परिणाम होतो. याउलट, सौम्य उष्णतेची आधी सवय झालेला प्राणी पुढचा ताप अधिक चांगला सोसतो. कमाल मर्यादा मोजतानाही तापमान किती वेगाने वाढवले यावर उत्तर बदलते, त्यामुळे दोन प्रयोगशाळांचे आकडे पद्धत न पाहता शेजारी ठेवता येत नाहीत.

अंदाज फसला हे ओळखण्याचा भरवशाचा मार्ग म्हणजे तो शेतातील मोजणीशी ताडून पाहणे. कामगंध सापळ्यांत दर आठवड्याला सापडणाऱ्या नर पतंगांच्या संख्येत पिढ्यांची शिखरे दिसतात. दोन शिखरांमधले अंतर हिवाळ्यात हिशेबाशी जुळले आणि उन्हाळ्यात लांबले, तर दोष बहुधा वक्राच्या उजव्या उतारात असतो. दोन्ही ऋतूंत सारखाच फरक पडला, तर वापरलेले तापमान किडीच्या जागेचे नसण्याची शक्यता अधिक असते.