दिवाळीच्या सेलचा हिशेब

दसरा ते लक्ष्मीपूजन या सुमारे वीस दिवसांत कापड दुकानाचा सेल ठरतो, पण हिशेब त्याआधीच मांडावा लागतो. समजा, 700 रुपयांना घेतलेला कुर्ता 1000 रुपयांना विकला जातो आणि गेल्या दिवाळीत असे 200 कुर्ते खपले. नफा झाला 60,000. यंदा दहा टक्के सूट दिली, तर प्रत्येक कुर्त्यामागे 200 रुपयेच उरतात. तेवढ्याच नफ्यासाठी 300 कुर्ते विकावे लागतात. वीस टक्के सुटीत हाच आकडा 600 होतो. म्हणून सरसकट सूट घातक ठरते. ती पडून राहिलेल्या मालावर द्यावी.

जाहिरातीवर 10,000 खर्च केले, तर दहा टक्के सुटीत आणखी 50 कुर्ते खपायला हवेत. ती बोनस हाती येण्याच्या सुमारास केलेली बरी, कारण खरेदीचा जोर तेव्हाच असतो.

मालाची अर्धी मागणी आधी नोंदवून उरलेली पहिल्या आठवड्याच्या विक्रीवरून ठरवावी. त्यासाठी घाऊक व्यापाऱ्याकडून माल किती दिवसांत येतो, हे आधीच विचारून ठेवावे लागते. मधले साइज संपले, की ढीग दिसत असूनही गिऱ्हाईक परत जाते.