पहिले बिल जमा करण्यापूर्वी कोणते कागद घ्यावेत?

कापड व्यापारात नवा पुरवठादार आला की आपण मालाचा पोत पाहतो, भाव ठरवतो आणि बिल हिशेबनीसाकडे पाठवून देतो. खरी खातरजमा मात्र बिल वहीत चढण्यापूर्वी व्हायला हवी. त्यासाठी चार कागद पुरतात : जीएसटी नोंदणीचा दाखला, पॅन कार्डाची प्रत, रद्द केलेला चेक आणि उद्यम नोंदणीचा दाखला.

समजा, भिवंडीच्या एका यंत्रमागधारकाकडून दोन लाखांचे सुती कोरे कापड घेतले. ५ टक्के जीएसटीचे दहा हजार धरून बिल २,१०,००० रुपयांचे झाले. हे दहा हजार आपल्याला वजावटीत मिळतील की बुडतील, ते पहिल्या कागदावर ठरते.

जीएसटी क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन अंक राज्याचे, महाराष्ट्राचे २७. पुढची दहा अक्षरे म्हणजे पॅन. ती पॅनच्या प्रतीशी जुळवून पाहावीत. मग तो क्रमांक जीएसटीच्या संकेतस्थळावर तपासावा. नोंदणी चालू आहे की रद्द झाली, विवरणपत्रे वेळेवर भरली जातात की नाही, हे तेथे दिसते. पुरवठादार कंपोझिशन योजनेत असेल तर त्याला बिलात कर लावताच येत नाही. दहा हजार लावले असतील तर बिल परत करावे. आणि त्याने आपले बिल विवरणपत्रात दाखवलेच नाही, तर आपल्याला वजावट मिळत नाही.

एकट्या मालकाच्या पेढीत जीएसटी व पॅन मालकाच्या नावावर असतात आणि बिलावर पेढीचे नाव असते. यात दोष नाही. संकेतस्थळावर दोन्ही नावे दिसतात. पण चेकवर मालकाच्या भावाचे नाव असेल तर थांबावे. खाते पेढीचे किंवा मालकाचेच हवे. "खाते बदलले" असा निरोप नंतर आला, तर आपल्याजवळच्या जुन्या फोन नंबरवर बोलूनच रक्कम पाठवावी. निरोपासोबत आलेल्या नव्या नंबरवर विसंबू नये.

राहिला उद्यमचा दाखला. पुरवठादार सूक्ष्म किंवा लघु उत्पादक असेल, तर लेखी करार नसताना पंधरा दिवसांत पैसे द्यावे लागतात. करार असला तरी जास्तीत जास्त पंचेचाळीस दिवस. मुदत टळली आणि ३१ मार्चला रक्कम बाकी राहिली, तर त्या वर्षीच्या आयकरात ती खर्च म्हणून धरली जात नाही. पैसे देऊ त्या वर्षी धरली जाते. बाजारात नव्वद दिवसांची उधारी चालते, म्हणून हे आधी कळलेले बरे. दाखल्यावर 'व्यापार' एवढीच नोंद असेल, तर हा नियम लागू होत नाही.

चारही कागद हाती येऊन जुळले, की मगच हिशेबनीसाने नवे खाते उघडावे.