एक केस, एक ग्लास पाणी

आज आम्ही केसाची एक साधी परीक्षा सांगणार आहोत. केस पाणी किती लवकर पितो ते तिच्यातून कळतं.

केसाच्या अंगावर माशासारखे बारीक खवले असतात. घरावरच्या कौलांसारखे ते एकावर एक बसलेले असतात. कौलं घट्ट असली की पाणी वरून निघून जातं, उचकटली की आत शिरतं. केसाचंही तसंच आहे. पाणी पिऊन केस फुगतो, वाळल्यावर आकसतो. खवले उघडे असले तर हे फुगणं-आकसणं जास्त होतं आणि केस मधेच तुटतो.

परीक्षेआधी केस शाम्पूने धुवून पूर्ण वाळवा, नंतर तेल लावू नका. तेलकट केस बराच वेळ पाण्यावर तरंगतो आणि आपण फसतो. मग फणीत आलेला एक लांब केस घ्या, उपटू नका. मुळाकडचा आणि टोकाकडचा असे बोटभर लांबीचे दोन तुकडे कापा. काचेच्या दोन ग्लासांत साधं पाणी घेऊन एकेक तुकडा अलगद वर ठेवा. बोटाने दाबू नका. चार मिनिटं थांबा.

तुकडा वरच राहिला तर खवले बंद आहेत. मिनिटाभरात तळाला गेला तर उघडे आहेत. हळूहळू खाली गेला तर मधलं समजा.

पण एकाच केसावर भरवसा ठेवू नका. केस पाण्यापेक्षा थोडा जडच असतो. तो तरंगतो तो पाण्याच्या वरच्या ताणामुळे, अलगद ठेवलेली सुई तरंगते तसा. हात हलला तरी तो बुडतो. म्हणून तीन केस तपासा, आणि न्हाताना पहिला तांब्या ओतल्यावर काय होतं तेही बघा. पाणी थेंब-थेंब होऊन ओघळलं तर केस बंद, लगेच चिंब झाले तर उघडे. वाळायला किती वेळ लागतो त्यावरून मात्र ठरवू नका, दाट केसांना वेळ लागतोच.

दोन तुकडे का, ते आमच्या गटातल्या एका ताईंच्या केसांवरून सांगतो. त्यांचे केस दोन फूट लांब. केस महिन्याला साधारण अर्धा इंच वाढतो, म्हणजे टोक चार वर्षांचं जुनं. त्या चार वर्षांत त्यांनी कधी कपड्याच्या साबणाने न्हाणं केलं, दोनदा काळा रंगही लावला. दोन्हींनी खवले उचकटतात. मुळाचा तुकडा चार मिनिटांनंतरही वरच होता, टोकाचा बघता बघता तळाला गेला. ताई तेल लावायच्या ते सगळं डोक्याला, आणि शाम्पू चोळायच्या तो टोकांना. गरज नेमकी उलटी होती.

आता न्हाण्याच्या आदल्या रात्री त्या खालच्या अर्ध्या केसांना दोन चमचे खोबरेल लावतात. 2003 साली मुंबईतल्या संशोधकांनी खोबरेल, सूर्यफुलाचं तेल आणि खनिज तेल यांची तुलना छापली. केसातली प्रथिनं वाहून जाणं खोबरेलानेच कमी झालं, कारण ते केसाच्या आत शिरतं. ताई शाम्पू मगभर पाण्यात कालवून फक्त डोक्याला लावतात. खाली ओघळणारा फेस टोकांना पुरतो. कपड्याचा साबण बंद केला.

न्हाल्यावर पंचाने केस झटकायची आपली जुनी सवय उघड्या केसांना फार वाईट. ओला, फुगलेला केस त्या फटक्याने तुटतो. जुन्या सुती लुगड्यात केस गुंडाळून हलके दाबा आणि सावलीत, वाऱ्यावर मोकळे सोडा. रुंद दातांच्या फणीने टोकाकडून वर विंचरत जा. फाटे फुटलेलं टोक तेलाने जुळत नाही, ते इंचभर कापायचंच.

ज्यांचे केस मुळापासून टोकापर्यंत बंद आहेत, त्यांनी आधी कोमट पाण्याने दोन मिनिटं नीट भिजवावेत, मगच शाम्पू किंवा शिकेकाई लावावी. तेल कमी लावा, ते वरच राहतं आणि त्यावर धूळ बसते. दाट केस असतील तर सकाळी लवकर न्हा. ओल्या केसांचा अंबाडा घालून शेतावर गेलात तर आतली ओल दिवसभर राहते, डोक्याला वास आणि खाज येते.

आणि हो, फणीत येणारा केस नीट बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर तो मुळापासून गळलेला आहे. तसे केस मूठभर येत असतील तर ग्लासातली परीक्षा तिथे उपयोगाची नाही. आरोग्य केंद्रात जाऊन आधी रक्त तपासून घ्या.